लोखंडी जिन्याचे वजन

निलंग्यातल्या एका ताईंची ही गोष्ट आहे. त्या आमच्या रात्रीच्या वर्गाला येत. अक्षरे त्यांना येऊ लागली होती. बेरीज-वजाबाकी येत होती, गुणाकार जमू लागला होता. अशात एके दिवशी त्या वर्गाला आल्या त्या हातात एक चिठ्ठी घेऊन. चिठ्ठी वेल्डिंगच्या दुकानातली होती. तीवर एकच ओळ लिहिली होती :

लोखंडी जिना, कठड्याशिवाय – ४१२ किलो.

ताई म्हणाल्या, "गुरुजी, आकडा मला वाचता आला. पण तो खरा हाय का खोटा, ते कसं कळावं?"

प्रश्न अगदी रास्त होता. ताईंनी त्या वर्षी घरावर स्लॅब टाकला होता. गच्चीवर सोयाबीन वाळत घालायचे, तुरी वाळत घालायच्या. रोज शिडीने वर चढायचे म्हणजे जिवाला धोका. म्हणून घराबाहेरून लोखंडी जिना करायचे ठरले. दुकानदार किलोवर पैसे घेणार होता. भाव आपण हिशेबासाठी १०० रुपये किलो धरू. म्हणजे ४१२ किलोचे ४१,२०० रुपये झाले. एवढे पैसे कशाचे द्यायचे, हे देणाऱ्याला कळायला नको काय?

आम्ही म्हणालो, "ताई, जिना अजून झालेला नाही. तरी त्याचे वजन आपण आज इथे बसून काढू शकतो. त्याला लागते फक्त जिन्याची लांबी आणि रुंदी. चला, काढू."

तो हिशेब आम्ही फळ्यावर केला. तोच इथे सांगतो.

जिन्यात काय काय असते?

असा जिना तुम्ही पाहिलेला असेल. दोन्ही कडांना खालपासून वरपर्यंत दोन लांब लोखंडी तुळया तिरप्या उभ्या असतात. त्यांना चॅनल म्हणतात. चॅनल कापून पाहिला तर तो कंसासारखा दिसतो : मध्ये उभी पाठ आणि वर-खाली दोन पाय. जिन्यात चॅनलची सपाट पाठ आतल्या बाजूला ठेवतात, म्हणजे पायऱ्या तिला नीट जोडता येतात.

पायऱ्या चेकर्ड प्लेटच्या असतात. चेकर्ड प्लेट म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा. ती नक्षी शोभेसाठी नसते, तर ओल्या पायाने माणूस घसरू नये म्हणून असते. प्रत्येक पायरीच्या दोन टोकांखाली एकेक अँगलचा तुकडा असतो. तो चॅनलला वेल्डिंगने जोडतात आणि त्यावर पायरी बसवतात. शेवटी चॅनलच्या खालच्या आणि वरच्या टोकांना जाड पाट्या लावतात. खालच्या पाट्या जमिनीतल्या काँक्रीटवर बसतात आणि वरच्या स्लॅबच्या तुळईला.

म्हणजे वजनाचे चार भाग झाले : चॅनल, पायऱ्या, अँगल आणि पाट्या. चारही वेगवेगळे काढू आणि शेवटी बेरीज करू.

लांबी कोणती मोजायची?

पहिली चूक इथेच होते. ताईंनी घरून माप आणले होते. जमिनीपासून गच्चीची उंची ३ मीटर. जिना जमिनीवर जिथे सुरू होणार तिथपासून भिंतीपर्यंत ४ मीटर. त्यांनी लांबी ४ मीटर धरली होती. पण चॅनल काही जमिनीवर आडवा पडणार नाही. तो तिरपा वर जाणार. तिरपे अंतर हे आडव्या अंतरापेक्षा नेहमी जास्तच असते.

तिरपी लांबी मोजायची सोपी रीत म्हणजे दोरी. एकाने गच्चीच्या कडेशी दोरी धरावी. दुसऱ्याने ती जमिनीवरच्या खुणेपर्यंत ताणून धरावी. मग ती दोरी खाली घेऊन टेपने मोजावी. टेपवर एका बाजूला फूट-इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. आपला हिशेब किलोचा आहे, म्हणून सेंटिमीटरची बाजू वाचावी. १०० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर.

घर अजून बांधायचे असेल तर दोरी कुठून धरणार? तेव्हा गवंड्याचे गणित कामाला येते. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायला गवंडी काय करतो? एका बाजूला ३ हात मोजतो, दुसऱ्या बाजूला ४ हात मोजतो आणि दोन खुणांमधले तिरपे अंतर ५ हात भरले की कोपरा बरोबर आहे म्हणतो. जिन्यालाही तेच लागू पडते. उंची ३ मीटर, जमिनीवरचे अंतर ४ मीटर, तर तिरपी लांबी ५ मीटर.

दुसरी मापे असतील तर उंचीला उंचीने गुणावे, आडव्या अंतराला आडव्या अंतराने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. मग कोणत्या संख्येला त्याच संख्येने गुणले की ही बेरीज येते, ते शोधावे. ताईंच्या जिन्यात ९ आणि १६ मिळून २५ होतात. पाच पाचे पंचवीस. म्हणून लांबी ५ मीटर.

चॅनलचे वजन

चॅनल मोजून-मापून, एकाच साच्यातून निघतात. त्यामुळे कोणत्या चॅनलचा एक मीटर किती किलो भरतो, हे तक्त्यात छापलेले असते. दुकानात हा तक्ता बहुधा भिंतीवर लावलेला असतो. ताईंच्या जिन्याला १५० चा चॅनल ठरला होता. १५० म्हणजे त्याच्या पाठीची उंची १५० मिलिमीटर. या चॅनलचा एक मीटर १६.८ किलो भरतो.

चॅनल दोन आहेत. प्रत्येक ५ मीटर.

१६.८ × ५ × २ = १६८ किलो.

पायरीचे वजन

पत्र्याचा तक्ता हाताशी नसला तरी अडत नाही. पत्र्याचे वजन आपण डोक्यातच काढू शकतो. ते कसे, पाहा.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी चौकोनी जागा घ्या. तिच्यावर १ मिलिमीटर उंचीचे पाणी सारखे पसरले, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो. लोखंड पाण्याच्या ७.८५ पट जड असते. म्हणून एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पत्र्याचे वजन ७.८५ किलो. एवढा एक आकडा पाठ केला की कोणत्याही जाडीच्या पत्र्याचे वजन काढता येते.

आपली प्लेट ५ मिलिमीटर जाड आहे. ७.८५ × ५ = ३९.२५ किलो. पण हे झाले साध्या पत्र्याचे. चेकर्ड प्लेटची जाडी मोजताना वरची नक्षी धरत नाहीत. तेव्हा नक्षीचे थोडे वजन वेगळे मिळवावे लागते. नक्षी धरून ५ मिलिमीटरच्या प्लेटचा एक चौरस मीटर सुमारे ४२ किलो भरतो.

आता एक पायरी घेऊ. जिना ९० सेंटिमीटर रुंद, म्हणजे पायरी ०.९ मीटर लांब. पाय ठेवायची जागा २५ सेंटिमीटर. पण पत्रा तेवढाच लागतो काय? नाही. पायरी वाकू नये म्हणून तिची पुढची आणि मागची कड अडीच-अडीच सेंटिमीटर खाली दुमडतात. दुमडलेला भागही लोखंडच आहे. म्हणून पत्रा दुमडण्यापूर्वी जेवढा होता तेवढा मोजायचा : २५ + २.५ + २.५ = ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३ मीटर.

०.९ × ०.३ = ०.२७ चौरस मीटर.
०.२७ × ४२ = ११.३४ किलो.

ही एका पायरीची गोष्ट. आता पायऱ्या किती? ताईंच्या जिन्यात प्रत्येक पाऊल १८.७५ सेंटिमीटर वर जाते. ३ मीटर उंची चढायला अशी १६ पावले लागतात. मग पायऱ्या १६ का? नाही. सोळावे पाऊल पायरीवर पडत नाही, ते गच्चीवरच पडते. म्हणून पायऱ्या १५. चढायची पावले मोजावी आणि त्यातून एक वजा करावे.

११.३४ × १५ = १७०.१ किलो. आपण १७० धरू.

उरलेले भाग

पायरीखालचा अँगल ४० बाय ४० आणि ५ मिलिमीटर जाड. त्याचा एक मीटर ३ किलो भरतो. एका पायरीला पाव-पाव मीटरचे दोन तुकडे लागतात. दोन्ही मिळून अर्धा मीटर, म्हणजे दीड किलो. १५ पायऱ्यांचे साडेबावीस किलो झाले.

पाट्या चार. प्रत्येक पाटी २० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड. एका पाटीचे वजन ३ किलोच्या थोडे वर येते. चारींचे मिळून साडेबारा किलो.

आता बेरीज :

चॅनल – १६८ किलो
पायऱ्या – १७० किलो
अँगल – साडेबावीस किलो
पाट्या – साडेबारा किलो
एकूण – ३७३ किलो

वेल्डिंगच्या कांड्यांचे लोखंड जिन्यातच राहते. त्याचे आणि रंगाचे मिळून ५ किलो धरू. म्हणजे जिना ३७८ किलोचा झाला.

चिठ्ठीवर मात्र ४१२ होते. ३४ किलो जास्त. १०० रुपयांच्या भावाने ३,४०० रुपये.

३४ किलो कुठे गेले?

वर्गातला एक तरुण लगेच म्हणाला, "फसवायला बघतोय दुकानदार." पण हिशेबात फरक निघाला म्हणजे लबाडीच असते असे नाही. आधी विचारावे. दुसऱ्या दिवशी ताई फळ्यावरचा हिशेब कागदावर उतरवून दुकानात गेल्या. आम्हीही सोबत गेलो.

मिस्त्रींनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाले, "ताई, हिशेब बरोबर हाय तुमचा. पर चॅनल पाच मीटरचा येतच नाही. मला सहा मीटरचे दोन घ्यावे लागले. दोन्हीचा एकेक मीटर कापावा लागतोय. ते पैसे मी व्यापाऱ्याला दिलेत ना?"

आम्ही तिथेच गुणाकार केला. कापलेले तुकडे दोन, प्रत्येक १ मीटर. १६.८ × २ = ३३.६ किलो. ३७८ मध्ये ते मिळवले की ४१२ होतात. हिशेब जुळला.

मिस्त्री लबाड नव्हते. पण चिठ्ठीत एक गोष्ट लिहायची राहिली होती : हे वजन तयार जिन्याचे आहे की विकत आणलेल्या मालाचे? हा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारायचा असतो. काम झाल्यावर विचारला की भांडण होते.

ताई म्हणाल्या, "पैसे मी दिले, तर मग ते तुकडे कुणाचे?"

मिस्त्री हसले. म्हणाले, "तुमचेच की. घेऊन जावा."

दोन्ही रीती चालतात. एक तर तयार जिन्याच्या वजनाचे पैसे द्यावे आणि तुकडे दुकानात राहू द्यावे. अशा वेळी दुकानदार भाव थोडा जास्त लावील, कारण तुकड्यांचा तोटा त्याला सोसायचा असतो. नाही तर पूर्ण मालाचे पैसे द्यावे आणि तुकडे घरी आणावे. पैसे पूर्ण मालाचे आणि तुकडे मात्र दुकानात, असे होऊ देऊ नये. ताईंनी तुकडे घरी आणले. आज ते पाण्याच्या टाकीखाली आहेत.

लांबी-रुंदीवरून झटपट अंदाज

दर वेळी एवढा लांब हिशेब कोण करील? म्हणून त्यातून एक छोटी रीत काढू.

ताईंच्या जिन्यात ५ मीटर लांबीला १६ पावले आहेत. म्हणजे एका मीटरला ३.२ पावले. एका मीटरच्या दोन चॅनलचे वजन ३३.६ किलो. अँगल धरून एका पायरीचे वजन पावणेतेरा किलोच्या थोडे वर. अशा ३.२ पायऱ्यांचे सुमारे ४१ किलो. दोन्ही मिळून ७४.६, म्हणजे जवळजवळ ७५ किलो.

तेव्हा ९० सेंटिमीटर रुंद, १५० चे चॅनल आणि ५ मिलिमीटर प्लेटच्या पायऱ्या असा जिना असेल तर त्याची तिरपी लांबी मीटरमध्ये मोजावी आणि ७५ ने गुणावी. ५ × ७५ = ३७५. लांब हिशेबात ३७३ आले होते. फरक अगदी थोडा.

इथे तुम्ही म्हणाल की पायऱ्या १५ आणि या रीतीत तर १६ धरल्या गेल्या. खरे आहे. पण या रीतीत चार पाट्या धरलेल्या नाहीत. एका जादा पायरीचे वजन आणि चार पाट्यांचे वजन जवळजवळ सारखेच आहे. एकाने दुसऱ्याची भरपाई होते.

रुंदी बदलली तर काय? इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. जिना दुप्पट रुंद केला की वजन दुप्पट होईल असे वाटते. तसे होत नाही. रुंदी वाढली तरी चॅनल दोनच राहतात. पायऱ्या तेवढ्या लांब होतात. जिना ९० सेंटिमीटरऐवजी १२० सेंटिमीटर रुंद केला तर प्रत्येक पायरी पावणेचार किलोने वाढते. एका मीटरचे वजन ७५ वरून सुमारे ८७ किलोवर जाते. ५ मीटरच्या जिन्यात एकूण ६० किलोंची वाढ. लांबी वाढली तर मात्र सगळेच वाढते : चॅनलही आणि पायऱ्याही.

ही रीत सगळ्या जिन्यांना चालणार नाही, हे ध्यानात ठेवा. चॅनल १२५ चा असेल तर त्याचा मीटर सुमारे १३ किलोच भरतो. जिना याहून जास्त उभा असेल तर एका मीटरमध्ये पावले जास्त बसतात. मधे वळणावर विसाव्याची जागा असेल तर तिचे वजन निराळे काढावे लागते. कठडाही निराळा. तो पाइपचा की सळईचा, यावर त्याचे वजन ठरते. चिठ्ठीवर कठडा धरला आहे की नाही, ते विचारून घ्यावे.

किलोवर की ठोक?

काम देण्याच्या दोन रीती आहेत. एक किलोवर, दुसरी ठोक. ठोक म्हणजे सगळ्या जिन्याचे एवढे रुपये. दोन्हींत सावध राहावे लागते, पण सावध राहायची जागा वेगळी असते.

किलोवर काम दिले तर जास्त लोखंड घातल्याने दुकानदाराचे पैसे वाढतात. तेव्हा जिना गरजेपेक्षा जड होत नाही ना, हे पाहावे. ठोक दिले तर कमी लोखंड घातल्याने दुकानदाराचे पैसे वाचतात. तेव्हा माल ठरल्यापेक्षा हलका येत नाही ना, हे पाहावे.

हलका माल ओळखायचा कसा? ५ मिलिमीटरऐवजी ४ मिलिमीटरची प्लेट आली तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. रंग दिल्यावर तर मुळीच कळत नाही. म्हणून प्लेट कापलेली असताना, रंगाआधी, तिची कड मोजावी. मोजताना माप नक्षीच्या उंचवट्यावर ठेवू नये. दोन नक्ष्यांच्या मधल्या सपाट जागी ठेवावे. उंचवट्यावर मोजले तर पातळ प्लेटही जाड भरते.

दुसरी कसोटी वजनकाट्याची. ४ मिलिमीटरच्या प्लेटचा एक चौरस मीटर सुमारे ३४ किलो भरतो. पंधरा पायऱ्यांत मिळून ३२ किलो कमी येतात. हिशेब ३७८ चा आणि काट्यावर ३४६ भरले तर समजावे की पायऱ्या पातळ आहेत किंवा चॅनल हलका आहे. दोन-चार किलोंचा फरक सोडून द्यावा. लोखंड ओतताना आणि लाटताना तेवढा कमी-जास्तपणा राहतोच. तीस किलोंचा फरक मात्र कशामुळे पडला, ते शोधावे.

ताईंचा जिना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणला. आधी रिकाम्या ट्रॉलीचे वजन केले, मग जिना चढवून केले. दुसऱ्यातून पहिले वजा केले. ३८० किलो भरले. आपल्या ३७८ शी हे जुळते, कारण गाड्यांच्या मोठ्या काट्यावर किलो-दोन किलो दाखवले जात नाहीत. तो काटा पाच-पाच, दहा-दहा किलोंनीच पुढे सरकतो. असे वजन करताना एक जपावे. रिकामी ट्रॉली तोलताना ड्रायव्हर खाली आणि भरलेली तोलताना तो वर बसलेला, असे झाले तर माणसाचे वजनही जिन्यात मोजले जाते. दोन्ही वेळा त्याला खालीच उभे करावे.

हे वजन कोण उचलते?

वजन पैशांसाठी काढले. पण ते कळले की आणखी एक गोष्ट कळते. जिना उभा राहिला की त्याचे अर्धे वजन जमिनीवर येते आणि अर्धे वर, घरावर. ३७८ चे अर्धे १८९ किलो. पण जिना रिकामा थोडाच राहणार? लग्नकार्यात त्यावर माणसे दाटीने उभी राहतात. कोणी सोयाबीनचे पोते खांद्यावर घेऊन चढतो. घरगुती जिन्यासाठी इंजिनियर लोक एका चौरस मीटरवर सुमारे ३०० किलोंचा भार धरतात. ताईंचा जिना जमिनीवर ४ मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद जागा व्यापतो, म्हणजे ३.६ चौरस मीटर. त्यावरचा भार १,०८० किलो झाला. जिन्याचे स्वतःचे वजन मिळवले तर सुमारे १,४६० किलो. त्यातले अर्धे, म्हणजे सव्वासात क्विंटलांच्या थोडे वर, गच्चीच्या कडेवर येतात.

एवढा भार विटांच्या कठड्याला पेलत नाही. वरच्या पाट्या स्लॅबच्या काँक्रीटच्या तुळईला घट्ट बोल्ट लावून बसवाव्या. आणि चॅनल केवढा घ्यायचा, बोल्ट किती घ्यायचे, हे जाणकाराकडून ठरवून घ्यावे. वजनाचा हिशेब आपल्याला पैसे सांगतो. जिना किती मजबूत आहे हे तो सांगत नाही.

खालच्या टोकाचेही असेच. निलंग्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर तो वर-खाली होतो. मग जिना एका बाजूला ओढला जातो आणि वेल्डिंगला चिरा जातात. म्हणून काळी माती खणून काढावी आणि खालच्या मुरुमावर काँक्रीट घालावे. पायरीच्या टोकाशी रंगाला बारीक चीर दिसली आणि तीतून गंज ओघळलेला दिसला, तर रंग फासून ती झाकू नये. तिथले वेल्डिंग सुटू लागले आहे असे समजून मिस्त्रींना बोलवावे.

वजनाची किंमत आपल्या भागाला वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या तालुक्यातली गावेही त्यात हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. डोक्यावर जेवढे जास्त वजन, तेवढा हादरा जास्त, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि १५ जाड अशी काळ्या दगडाची एक पायरी शंभर किलोंच्या पुढे जाते. आपली लोखंडी पायरी सव्वाअकरा किलोंची आहे. लोखंड दगडापेक्षा अडीच-तीन पट जड, तरी जिना हलका. कारण दगड जाड लागतो आणि लोखंडाचा पत्रा पातळ चालतो. पण हलका जिनासुद्धा घराला नीट बांधलेला नसेल तर हादऱ्यात सुटतो, हे विसरू नये.

ताईंचा जिना आता उभा आहे. त्यांनी फळ्यावरचा तो हिशेब आपल्या वहीत उतरवून ठेवला आहे. त्यांच्या शेजारच्या घरी आता जिना करायचा आहे. परवा शेजारीणबाई चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे आल्या होत्या. ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "लांबी कुठली मोजली? जमिनीवरची का दोरीची?"